रतीब वाढतो, की लहान रतीब गळतात? टिकलेल्या घरांच्या आकड्यांविषयी

रतीबवाला
नमस्कार. नाशिकमध्ये इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या भागांत काचेच्या बाटलीतून गाईच्या दुधाचा रतीब घालण्याचा आमचा व्यवसाय आहे. हिशेब माझा पुतण्या एक्सेलमध्ये ठेवतो. त्याने काढलेले दोन आकडे येथे मांडतो आणि त्यांवरून आम्ही जो निर्णय घेणार आहोत तो बरोबर आहे का, हे विचारतो.

जून २०२३ मध्ये आम्ही नवी लाइन सुरू केली. त्या महिन्यात लागलेल्या घरांचा सरासरी रतीब रोज १.०५ लिटर होता. जून २०२४ मध्ये, म्हणजे वर्ष पूर्ण झालेल्या घरांचा सरासरी रतीब १.४० लिटर आहे. यावरून पुतण्याचे म्हणणे असे, की घर एकदा लागले की वर्षभरात त्याचा रतीब सुमारे ३५० मिलीने वाढतो. म्हणून अर्ध्या लिटरची योजना काढावी, पहिले दहा दिवस दूध मोफत द्यावे आणि जास्तीत जास्त घरे आत आणावीत, वाढ आपोआप होईल.

याशिवाय आम्ही वर्ष झालेल्या ८० घरांना फोन करून ‘आमचे काय आवडते’ असे विचारले. बहुतेकांनी काचेच्या बाटलीचे नाव घेतले. त्यामुळे नव्या बाटल्यांची मोठी मागणी नोंदवण्याच्या विचारात आहोत. वर्षभराचे आकडे असल्यामुळे पाया पक्का वाटतो, परंतु माझ्या मनाला कोठेतरी खटकते आहे आणि नेमके काय ते सांगता येत नाही.

पंचवटीकर
अर्ध्या लिटरची काचेची बाटली परवडत नाही, हे आधी लक्षात घ्या. धुण्याचा खर्च एक लिटरच्या बाटलीइतकाच येतो आणि फुटण्याचे प्रमाणही तेवढेच असते. अर्ध्या लिटरसाठी पिशवी वापरा. शिवाय उन्हाळ्यात दूध नासल्याच्या तक्रारी येतात, त्यासाठी गाडीवर बर्फाची पेटी ठेवा.

संख्यावेडी
पंचवटीकर, सल्ला उपयोगाचा आहे, परंतु धागाकर्त्यांचा प्रश्न बाटली की पिशवी हा नसून आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, हा आहे.

रतीबवाला, मला तीन गोष्टी सांगा. जून २०२३ मध्ये एकूण किती घरे लागली होती? आज जी ८० घरे उरली आहेत, त्याच घरांचा पहिल्या महिन्यातला रतीब किती होता? आणि जी घरे बंद झाली त्यांचा किती होता? १.०५ ही सरासरी सर्व घरांची आहे आणि १.४० ही फक्त उरलेल्यांची. या दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली म्हणजे एखाद्या घराची वाढ कळते असे नाही, कारण दोन्हींकडे घरे सारखी नाहीत. चौथीच्या वर्गातली बुटकी मुले शाळा सोडून गेली तर वर्गाची सरासरी उंची वाढते, पण म्हणून एकही मूल उंच झालेले नसते.

रतीबवाला
बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०० घरे असे आहे. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना मला लाज वाटते. पुतण्या दर महिन्याच्या एक तारखेला बंद झालेल्या घरांच्या ओळी एक्सेलमधून काढून टाकतो. ‘यादी स्वच्छ राहते’ असे त्याचे म्हणणे. त्यामुळे आजच्या फाइलमध्ये फक्त चालू घरे आहेत आणि गेलेल्यांचा मागमूस नाही.

परंतु दोन जागा शिल्लक आहेत. दर महिन्याची बिले आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ती फोनमध्ये सापडतील. आणि लाइनवर दूध घालणाऱ्या मुलाची डायरी आहे. तो बंद झालेल्या घराच्या नावावर आडवी काट मारतो, पान फाडत नाही. चार दिवस द्या, जुळवून सांगतो.

अंबडचा_फिटर
आमच्याकडेही असेच होते, म्हणून लिहितो. मी अंबडला कॉम्प्रेसर दुरुस्तीचे काम करतो. वीस-पंचवीस वर्षांचे जुने कॉम्प्रेसर आजही आमच्या शेडमध्ये येतात आणि थोड्या खर्चात चालू होतात, तर चार वर्षांच्या नव्या यंत्रांच्या तक्रारी जास्त असतात. त्यावरून आमचे शेठ सर्वांना सांगतात की पूर्वीचे ओतकाम भक्कम होते आणि आताचे कच्चे आहे. मीही तेच मानत होतो.

पुढे एका भंगारवाल्याकडे कामानिमित्त गेलो, तेव्हा त्याच जुन्या बनावटीच्या कॉम्प्रेसरांची रास दिसली, सिलिंडरला तडे गेलेली. आमच्या शेडमध्ये येतात ती त्या पिढीतली निवडक यंत्रे. बाकीची कधीच भंगारात गेली आणि भंगारातून कोणी आमच्याकडे तक्रार घेऊन येत नाही. तरीही, शेठचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे मला अजून वाटत नाही. जुने ओतकाम हातात घेतले की वजन कळते.

इतिहासप्रेमी
या विषयावर अब्राहम वाल्ड यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात ते विमानतळावर गेले, परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोके पाहिली आणि अधिकाऱ्यांना म्हणाले की जेथे भोके नाहीत तेथे पत्रा जाड करा, कारण तेथे गोळी लागलेली विमाने परत आलीच नाहीत. लाल ठिपक्यांचे विमानाचे ते चित्र सर्वांनी पाहिलेच असेल. तात्पर्य एवढेच, की जे दिसते त्याच्या उलटे करायचे. धागाकर्त्यांनीही बाटलीवरचा खर्च थांबवून भलतीकडेच तो करावा.

संख्यावेडी
इतिहासप्रेमी, गोष्टीचा गाभा खरा आहे, पण सांगताना ती बरीच सजली आहे आणि तुमचे तात्पर्य मला मान्य नाही. वाल्ड न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी संशोधन गटात होते आणि १९४३ मध्ये त्यांनी या विषयावर जी टिपणे लिहिली ती गणिताने भरलेली आहेत. ठिपक्यांचे ते चित्र त्यांचे नाही, ते फार नंतरचे आहे. ही टिपणे १९८० मध्ये पुन्हा छापली गेली, म्हणून आपल्याला वाचता येतात. (जाता जाता एक गोष्ट सांगते. वाल्ड यांचा मृत्यूही विमान अपघातातच झाला आणि तोही आपल्या देशात. डिसेंबर १९५० मध्ये ते व्याख्यानांसाठी भारतात आले असता निलगिरीच्या डोंगरात त्यांचे विमान कोसळले.)

आपल्या कामाचा मुद्दा त्या टिपणांतल्या एका उदाहरणात आहे. तेथे ४०० विमाने मोहिमेवर जातात, ३८० परत येतात आणि २० येत नाहीत. परतलेल्यांपैकी किती विमानांना एकही गोळी लागली नाही, किती विमानांना एक लागली, किती विमानांना दोन लागल्या, हे मोजलेले असते. न परतलेल्यांची भोके कोणी पाहिली नव्हती, पण ती विमाने २० होती हे पक्के ठाऊक होते. त्या संख्येवर आणि काही स्पष्ट सांगितलेल्या गृहीतकांवर सर्व आकडेमोड उभी आहे. गेली किती, हा आकडाच पुसला असता तर वाल्ड यांनाही काही करता आले नसते. पुतण्या दर एक तारखेला नेमका तोच आकडा पुसतो आहे.

म्हणून ‘उलटे करा’ हा नियम होत नाही. बाटली खरोखरच चांगली असू शकते. टिकलेल्यांना ती आवडते एवढेच आपल्याला कळले आहे, गेलेल्यांनाही ती तितकीच आवडत होती की नाही हे कळलेले नाही. दोघांनाही सारखीच आवडत असेल, तर टिकण्याचे कारण ती नव्हे.

रतीबवाला
चार दिवसांचे सहा झाले, क्षमा असावी. बिले आणि डायरी ताडून २०० घरांचा पहिल्या महिन्याचा रतीब मिळाला. अर्ध्या लिटरची ६० घरे होती, त्यांतली १० उरली. एक लिटरची ८० होती, २५ उरली. दीड लिटरची ४० होती, २८ उरली. दोन लिटरची २० होती, १७ उरली.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. उरलेल्या ८० घरांचा पहिल्याच महिन्यातला सरासरी रतीब १.३२५ लिटर होता. म्हणजे ही घरे आली तेव्हाच मोठी होती. आज त्यांची सरासरी १.४० आहे, त्यामुळे खरी वाढ घरामागे ७५ मिली झाली, ३५० नव्हे. उरलेली २७५ मिलीची ‘वाढ’ लहान रतीब गळाल्यामुळे दिसत होती. जी १२० घरे बंद झाली त्यांची सरासरी सुमारे ८७० मिली होती. सुरुवातीला रोज २१० लिटर दूध जात होते, त्या घरांकडे आज ११२ लिटर जाते आणि आम्ही मात्र वाढ मोजत बसलो होतो.

८० घरांपैकी १५ घरांनी अर्धा लिटर वाढवला, ३ घरांनी अर्धा लिटर कमी केला आणि ६२ घरे जेथे होती तेथेच आहेत. योजनेच्या दृष्टीने सर्वांत बोचणारा आकडा हा, की अर्ध्या लिटरने सुरू झालेल्या ६० घरांपैकी एक लिटरवर गेलेली घरे फक्त ४ आहेत. पुतण्या हे पाहून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की सूत्र तर बरोबर होते. खरे आहे, सूत्र बरोबरच होते.

गंगापूररोड_मॅनेजर
मी विक्री विभागात काम करतो, त्यामुळे थोडक्यात सांगतो. अर्ध्या लिटरची घरे घेणेच बंद करा, आकडे स्पष्ट आहेत. आणि गेलेल्या १२० घरांना फोन करून कारण विचारा. ग्राहक का गेला हे ग्राहकच सांगू शकतो, बाकी सर्व तर्क.

संख्यावेडी
फोन करण्याचा सल्ला योग्य आहे आणि तो लवकर अमलात आणावा, कारण जितका उशीर होईल तितके नंबर बदललेले असतील. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की जे फोन उचलतील आणि बोलतील तेही निवडलेलेच असतील. रागावून गेलेला माणूस बहुधा बोलत नाही आणि शहर सोडून गेलेला सापडत नाही. त्यामुळे १२० पैकी किती जणांशी बोलणे झाले हा आकडा कारणांच्या आकड्यांशेजारी लिहावा, नाहीतर आपण तीच चूक एक पायरी खाली जाऊन करू.

अर्ध्या लिटरची घरे बंद करण्याबद्दल मात्र घाई नको. रतीब लहान आहे म्हणून घर जाते, की ज्या प्रकारच्या घरांचा रतीब लहान असतो ती घरे इतर कारणाने जातात, हे आपल्याला अजून माहीत नाही. पाथर्डी फाट्याला भाड्याच्या खोलीत राहणारा एकटा कामगार अर्धा लिटर घेतो आणि अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलतो. इंदिरानगरमधले निवृत्त जोडपेही अर्धाच लिटर घेते आणि ते दहा वर्षे हलत नाही. दोघांना एका रकान्यात टाकून ‘अर्धा लिटर वाईट’ असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

रतीबवाला
फोन केले. १२० पैकी ७४ नंबर लागले आणि ५१ जण बोलले. त्यांतले १९ जण घर बदलून गेले होते. १७ जणांनी दूध उशिरा येत असल्याचे सांगितले, ८ जणांनी भाव जास्त असल्याचे आणि ७ जणांनी इतर कारणे. बाटलीबद्दल तक्रार कोणाचीच नव्हती, उलट चार-पाच जणांनी न विचारता तिचे कौतुक केले. म्हणजे बाईंनी म्हटल्याप्रमाणे बाटली दोघांनाही आवडत होती.

वेळेची गोष्ट मात्र मनाला लागली. आमची गाडी साडेपाचला निघते आणि लाइनच्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात. एका ताईंनी सांगितले की मुलांची शाळेची गाडी सात वाजता येते, मग मुले गेल्यावर येणाऱ्या दुधाचे काय करायचे? टिकलेल्या ८० घरांपैकी एकानेही वेळेचा उल्लेख केला नव्हता. म्हणून लाइनचा क्रमांक पाहिला, तर या ८० घरांपैकी ५८ घरे आज लाइनच्या पहिल्या अर्ध्या भागात आहेत. पहिल्या भागातली घरे टिकतात आणि शेवटची गळतात, हे यावरून सिद्ध झाले असे समजावे का?

संख्यावेडी
अजून नाही. तुम्ही आजचा क्रमांक पाहिलात. लाइनमधले एक घर बंद झाले की मागची सर्व घरे एकेक क्रमांक पुढे सरकतात आणि नवे घर बहुधा शेवटी जोडले जाते. म्हणजे जे घर नुसते टिकून राहते ते काही न करता पुढे येते. जुनी घरे पुढे आहेत म्हणून टिकली, की टिकली म्हणून पुढे आली, हे आजच्या क्रमांकावरून सांगता येणार नाही. मुलाच्या डायरीत प्रत्येक घराचा पहिल्या दिवसाचा क्रमांक असेल, तर तो घ्या आणि सर्व २०० घरांचा घ्या.

अंबडचा_फिटर
हे वाचून रिक्षाची रांग आठवली. पुढे उभा असलेला रिक्षावाला आधी आला म्हणून पुढे असतो, त्याची रिक्षा जोरात धावते म्हणून नव्हे.

रतीबवाला
डायरीतून पहिल्या दिवसाचे क्रमांक काढले. २०० पैकी ९० घरे तेव्हा पहिल्या भागात होती, त्यांतली ४३ टिकली. ११० घरे मागच्या भागात होती, त्यांतली ३७ टिकली. म्हणजे पुढे शंभरातली साधारण ४८ आणि मागे ३४. फरक आहे, पण ८० पैकी ५८ या आकड्यावरून मी जेवढा समजलो होतो तेवढा नाही. त्या ५८ पैकी १५ घरे मागून पुढे सरकलेली होती.

डायरी चाळताना आणखी एक गोष्ट उघड झाली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून २०२३ मध्ये २०० नव्हे, २३६ घरे लागली होती. ३६ घरांनी महिना संपण्याआधीच, बहुतेकांनी पहिल्या आठ दिवसांत, रोख पैसे देऊन रतीब बंद केला. त्यांचे बिलच निघाले नाही, म्हणून बिलांतून ती घरे सापडली नाहीत. त्यांतली २९ घरे अर्ध्या लिटरची होती. पुतण्याचे म्हणणे असे, की ज्यांनी महिनाही काढला नाही ते ग्राहकच नव्हेत, त्यांनी नुसती चव पाहिली.

गंगापूररोड_मॅनेजर
येथे मी पुतण्याच्या बाजूने आहे. चव पाहणाऱ्यांना मोजू लागलात तर कोणताही व्यवसाय तोट्यात दिसेल. आमच्याकडेही पहिली तीस दिवसांची खाती अहवालात धरत नाहीत.

संख्यावेडी
कोणाला मोजायचे हे प्रश्नावर ठरते. महिन्याचे बिल वेळेवर कोण भरतो हा प्रश्न असता, तर ती ३६ घरे सोडणे ठीक होते. परंतु येथे प्रश्न पहिले दहा दिवस मोफत देण्याचा आहे. त्या योजनेचा खर्च प्रामुख्याने ज्यांच्यावर होणार ती हीच घरे. अर्ध्या लिटरची ६० आणि ही २९ मिळून ८९ होतात आणि त्यांतली वर्षाअखेर १० उरली. म्हणजे जवळजवळ नऊ घरांना मोफत दूध द्यावे तेव्हा एक टिकते. मोफत असताना तर चव पाहायला याहून जास्त येतील, त्यामुळे प्रत्यक्षात हे प्रमाण आणखी घसरू शकते. मॅनेजरसाहेब, तुमच्या अहवालात तीस दिवसांची खाती नसतील तर जाहिरातीचा खर्च कोणत्या खात्यांवर विभागता, हे जरूर तपासा.

वेळेबद्दलही मी सावध राहीन. लाइनच्या मागच्या भागात भाड्याच्या खोल्या जास्त आहेत का? असतील तर उशीर आणि घर बदलणे ही दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली आहेत आणि जुन्या नोंदींतून ती पूर्णपणे वेगळी होणार नाहीत.

रतीबवाला
आहेत. पाथर्डी फाट्याचा बहुतेक भाग मागेच येतो. म्हणून असे ठरवले आहे, की बाटल्यांची मोठी मागणी आणि मोफत योजना दोन्ही थांबवायच्या. दुसरी गाडी भाड्याने घेऊन तीन महिने मागच्या भागातल्या अर्ध्या इमारतींना साडेसहापर्यंत दूध पोचवायचे. कोणत्या इमारती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे आमच्या आवडीच्या इमारती निवडल्या जाणार नाहीत. उरलेल्या इमारतींना नेहमीच्या वेळी. एक्सेलमध्ये आता ओळ काढायची नाही, ‘लागल्याची तारीख’, ‘पहिला क्रमांक’ आणि ‘बंद झाल्याची तारीख’ असे तीन रकाने भरायचे, असे पुतण्याने स्वतःहून केले.

पंचवटीकर
आता माझा एक खरा प्रश्न. आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्याकडे मे महिन्यात निम्मी लाइन गावाला जाते. कोणी पंधरा दिवसांचा खाडा सांगतो, कोणी काहीच न सांगता कुलूप लावतो आणि जूनच्या मध्यावर उगवतो. असे घर बंद झाले असे कधी धरायचे? खाडा लांबला म्हणून लगेच बंद लिहिले, तर परत आल्यावर ते नवे घर म्हणून मोजले जाईल.

संख्यावेडी
नेमका प्रश्न विचारलात आणि याला एकच बरोबर उत्तर नाही. एक मुदत आधी ठरवावी, समजा ४५ दिवस, आणि ती सर्वांना सारखी लावावी. आकडे पाहून मग मुदत ठरवू नये. घर परत आले तर जुन्याच ओळीत पुढे लिहावे. मुदत ३० केली आणि ६० केली तर निष्कर्ष बदलतो का, हे दोन्ही प्रकारे मोजून पाहावे. बदलत असेल तर तो निष्कर्ष नाजूक आहे असे समजावे.

रतीबवाला
आम्ही ४५ धरले. सध्या यादीत एक घर ४१ दिवसांच्या खाड्यावर आहे, दारात आमच्या दोन रिकाम्या बाटल्या तशाच ठेवलेल्या आहेत. मुलाने डायरीत त्या नावावर काट मारलेली नाही, पेन्सिलीने गोल केला आहे.